‘तेल्या’चं थंबनेल: १२८० पिक्सेलवर स्पष्ट, फोनवर नुसता लाल डाग

सांगोल्याजवळ दाजींची डाळिंबाची बाग आहे. तीन वर्षांपासून ते बागेतल्या कामांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. चित्रीकरण भाचा करतो, एडिटिंग आणि थंबनेल माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात तेल्या रोगावर त्यांनी बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. पानावरचा तेलकट डाग कसा ओळखायचा, फळावर काळे ठिपके येऊन ते इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’च्या आकारात कसे तडकतात, छाटलेल्या फांद्यांचं काय करायचं, असा अगदी कामाचा व्हिडिओ. थंबनेलवर मी दोन तास घालवले. लॅपटॉपवर ते देखणं दिसत होतं.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. “अरे, वर काय लिहिलंयस? तल्या का तिल्या? आणि ते डाळिंब आहे का टोमॅटो, कळंना बघ.” मी म्हटलं, “दाजी, नेट स्लो असेल.” ते म्हणाले, “नेट चांगलंय. आता घरीच आहे मी, वायफायवर.”

शनिवारी तिकडे गेलो तेव्हा त्यांच्या फोनवर स्वतः पाहिलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ते थंबनेल का बिघडलं आणि पुन्हा करताना काय बदललं, ते सविस्तर लिहितोय. मराठीत थंबनेल करणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते आणि इंग्रजी अक्षरांसाठी दिलेले सल्ले देवनागरीला पुरत नाहीत.

आधी मोजमाप

दाजींचा फोन साधा आहे. साडेसहा इंची स्क्रीन, रुंदी ७२० पिक्सेल. व्हिडिओखाली जी सुचवलेल्या व्हिडिओंची यादी येते, तिचा स्क्रीनशॉट काढला आणि लॅपटॉपवर उघडून मोजला. थंबनेलची रुंदी साधारण ३२० पिक्सेल निघाली. स्क्रीनवर पट्टी ठेवली तर तीन सेंटिमीटर. माझं मूळ चित्र १२८० बाय ७२० चं, म्हणजे प्रत्येक बाजू चारपट आकसत होती. मूळच्या सोळा पिक्सेलांचा मिळून तिथे एक पिक्सेल.

यूट्यूब आपण दिलेलं एकच चित्र सगळीकडे वापरत नाही. त्याच्या लहान-मोठ्या प्रती तयार होतात आणि जागेप्रमाणे त्यातली एक दाखवली जाते. या प्रती ब्राउझरमध्ये थेट उघडता येतात. पत्त्यात व्हिडिओचा आयडी घालायचा:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/maxresdefault.jpg   1280x720
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg       320x180
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/default.jpg         120x90
```

शेवटच्या प्रतीत वर-खाली काळ्या पट्ट्या असतात, त्यामुळे चित्राला प्रत्यक्षात ६८ पिक्सेलांच्या आसपास उंची मिळते. मी `mqdefault.jpg` उघडली आणि दाजींनी पाहिलं तेच मला दिसलं. दोष फोनचा नव्हता, नेटचाही नव्हता. मी केलेल्या चित्रात चारपट आकसून टिकेल असं फारसं काही नव्हतंच.

जुन्या थंबनेलमध्ये होतं ते असं: डावीकडे दाजींचा चेहरा, मागे हिरवी बाग, उजवीकडे डाग पडलेलं डाळिंब, कोपऱ्यात फवारणीची बाटली. वर लाल अक्षरांत, पांढऱ्या आऊटलाईनसह दोन ओळी: ‘तेल्या रोगाची लक्षणे आणि खात्रीशीर उपाय’. शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत उंची ४४ पिक्सेल. तीन सेंटिमीटरच्या थंबनेलमध्ये ती एक मिलिमीटर होते. दाजी पन्नाशीचे आहेत, फोन हातभर लांब धरतात. एक मिलिमीटरचं अक्षर कितीही रेखीव असलं तरी त्यांनी ते वाचावं कसं?

देवनागरी कुठे मोडते

३२० च्या प्रतीत ४४ पिक्सेलचं अक्षर ११ पिक्सेलचं होतं. अकरा पिक्सेलमध्ये रोमन अक्षर कसंबसं निभावतं. देवनागरीचं गणित वेगळं आहे, कारण अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार असतात आणि खाली उकार. आकसताना रेघेच्या जाडीपेक्षा दोन रेघांमधली मोकळी जागा आधी मरते.

‘ते’ घ्या. शिरोरेघ आणि तिच्यावरची मात्रा यांत एक छोटी फट असते. माझ्या थंबनेलमध्ये ती फट मूळ आकारात तीन पिक्सेल होती. चारपट आकसल्यावर पाऊण पिक्सेल. पाऊण पिक्सेलची फट दाखवता येत नाही, ती शेजारच्या रंगांत मिसळून जाते. मग मात्रा शिरोरेघेला चिकटून नुसती जाड रेघ दिसते आणि ‘ते’चा ‘त’ होतो. ‘ल्या’मधला अर्धा ‘ल’ तर आणखी नाजूक. त्याच्या पोटातली वळणं भरून आली की एक ठिपका उरतो. दाजींनी ‘तल्या का तिल्या’ विचारलं ते उगाच नव्हतं.

यात मी स्वतः दोन गोष्टींनी भर घातली होती. फॉन्ट सगळ्यात जाड वजनाचा घेतला होता, लांबून दिसावा म्हणून. पण जाडी वाढते ती बाहेरून जितकी, तितकीच आतून. अक्षराची उंची तीच राहते, पोकळ्या मात्र बुजतात. मोठ्या अक्षराला जाड वजन चालतं. लहान अक्षराला तेच जाड वजन जास्त लवकर मारतं. दुसरी गोष्ट पांढरी आऊटलाईन. ती सहा पिक्सेल जाड होती आणि अक्षराच्या बाहेरच्या कडेला जाते तशीच ती मात्रेच्या फटीतही शिरते. तीन पिक्सेलची फट पांढऱ्या रंगाने पूर्ण भरून गेली होती. १२८० वर ते छान लाल-पांढरं दिसत होतं. ३२० वर लाल आणि पांढरं मिसळून गुलाबी झालं.

लाल आणि हिरवं, पण उजेड सारखा

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रंगाने.

जेपीईजी चित्र साठवताना उजेड आणि रंग वेगळे करतं. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवली जाते. रंगाची माहिती, ४:२:० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, दर चार पिक्सेलांमागे एकच ठेवतात, कारण आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो आणि रंगातला ढोबळ. म्हणजे ३२० बाय १८० च्या प्रतीत रंग खरा साठवला जातो फक्त १६० बाय ९० एवढ्या बारकाईने. माझ्या अक्षराची रेघ तिथे पावणेदोन पिक्सेलची होती. एवढ्या रेघेच्या वाट्याला रंगाचा एक अख्खा नमुनाही येत नाही.

तरी अक्षर दिसू शकतं, जर उजेडात फरक असेल तर. जेपीईजीमध्ये उजेड असा काढतात:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

माझ्या अक्षरांचा लाल होता (२२०, २०, २०). त्याचा उजेड येतो ८०. मागच्या पानांचा हिरवा सरासरी (६०, १०५, ४०). त्याचा उजेड ८४. २५५ च्या मापात फरक फक्त चारचा! डोळ्याला लाल-हिरवं एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतं, पण उजेडाच्या भाषेत ती अक्षरं त्या पानांवर लिहिलेलीच नव्हती. त्यांना धरून ठेवलं होतं फक्त पांढऱ्या आऊटलाईनने, आणि ती ३२० वर दीड पिक्सेल उरली होती. डाळिंबाचं तेच. पिकलेलं फळ साधारण ८५, पाठीमागची पानं ८४. मोठ्या चित्रात ते फळ होतं, लहान चित्रात पानांत मिसळलेला लालसर डाग. दाजींना टोमॅटो वाटला, कारण फळाची कड आणि वरचा मुकुट दोन्ही विरघळले होते. डाळिंबाची ओळख त्या मुकुटाशिवाय पटत नाही.

हे आधी कळण्यासाठी सोपी तपासणी आहे. चित्राचं याच सूत्राने कृष्णधवल रूप काढायचं. इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये:

```
magick thumb.png -grayscale Rec601Luma gray.png
```

माझ्या जुन्या थंबनेलच्या करड्या रूपात शब्दांच्या जागी पांढऱ्या पोकळ कडा दिसत होत्या आणि आत-बाहेर एकच करडा रंग. ज्याच्याकडे इमेजमॅजिक नसेल त्याने फोनच्या गॅलरीतलं कृष्णधवल फिल्टर लावलं तरी अंदाज येतो, आकडे तंतोतंत नसतील इतकंच.

मला आधी वाटलं होतं की एक्स्पोर्ट करताना रंगाची पूर्ण माहिती ठेवणारी सेटिंग वापरली की झालं. पीएनजी चढवूनही पाहिलं. १२८० च्या फाइलला त्याचा थोडा फायदा आहे, पण लहान प्रती सर्व्हरवर नव्याने बनतात आणि पुन्हा कॉम्प्रेस होतात. आपली सेटिंग तिथवर पोचत नाही. चित्रातच उजेडाचा फरक असला पाहिजे, तोच शेवटपर्यंत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

रविवारी पुन्हा फोटो काढायचं ठरलं. दाजींचा आग्रह होता की चेहरा हवाच, लोक चेहऱ्यावरून चॅनेल ओळखतात. ते खोटं नाही. पण तीन सेंटिमीटरमध्ये चेहरा, फळ, बाटली आणि सहा शब्द मावत नाहीत. या व्हिडिओत शेतकऱ्याने थांबावं ते तडकलेलं फळ पाहून, कारण आपल्या बागेत कालच तसं फळ दिसलेला माणूस हा व्हिडिओ शोधतोय. शेवटी ठरलं की चेहऱ्याऐवजी दाजींचा हात. फळ हातात धरलेलं. हाताचा रंग फळापेक्षा उजळ, त्यामुळे फळाची खालची कड आपोआप सुटी होते.

पाठीमागे काय घ्यायचं हा प्रश्न होता. पहिल्यांदा मी गोणपाट धरलं, शेताचा भास राहावा म्हणून. फोटो सुरेख आला आणि ३२० वर भयानक दिसला. गोणपाटाची वीण म्हणजे सारख्या अंतरावरचे बारीक धागे. चित्र आकसताना असे नियमित धागे पिक्सेलांच्या जाळ्याशी अर्धवट जुळतात आणि नसलेल्या लाटा, पट्टे उमटतात. शेडनेट, चौकडीचा शर्ट, साडीचे बारीक काठ, सगळ्यांचा हाच त्रास. शिवाय कॉम्प्रेशनला ती वीण साठवायला जागा लागते.

ताईने घरातून काळी घोंगडी आणून दिली. घोंगडीचं लोकरीचं अंग उजेड पिऊन टाकतं, चमकत नाही आणि थोडं फोकसबाहेर ठेवलं की वीण नाहीशी होते. घोंगडीचा उजेड २५ च्या आसपास, फळाचा ८५. सकाळी आठच्या कोवळ्या उजेडात, पडवीच्या सावलीत फोटो घेतला. फळ एवढं जवळ की १२८० च्या चौकटीत त्याची रुंदी ५६० पिक्सेल आली. मुकुट वरच्या बाजूला, घोंगडीसमोर स्पष्ट. तड दहा-बारा पिक्सेल रुंद, म्हणजे लहान प्रतीत तीन पिक्सेलच्या आत-बाहेर. टिकायला तेवढी पुरते. जुन्या फोटोत अख्खा ठिपकाच बारा पिक्सेलचा होता, मग त्यातली तड दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

एडिटिंगमध्ये फक्त फळ थोडं उजळ केलं, ८५ वरून ११० च्या पुढे, म्हणजे काळा ठिपका आणि साल यांतला फरक वाढला. हातही फळापेक्षा उजळ राहील एवढा वर घेतला. रंग गडद करण्याचा मोह आवरला. रंग भडक केल्याने उजेडाचा फरक वाढेलच असं नाही.

शार्पन करण्याबद्दलही सांगायला हवं. नेहमीचं शार्पन एक पिक्सेलच्या त्रिज्येचं असतं. ते १२८० वर कडक दिसतं आणि चारपट आकसताना सरासरीत पुसून जातं. मागे राहतो तो फक्त वाढलेला खरखरीतपणा, जो कॉम्प्रेशनला आणखी त्रास देतो. जेवढ्या पट चित्र आकसणार, तेवढी त्रिज्या मोठी घ्यावी लागते. मी चार पिक्सेलची घेतली:

```
magick photo.png -unsharp 0x4+0.8+0.02 photo2.png
```

पूर्ण आकारात हे जरा जास्त वाटतं, कडांभोवती हलकी प्रभा दिसते. लहान प्रतीत तीच कड एका पिक्सेलची, नीट कापल्यासारखी येते. हे फक्त फोटोवर करायचं, अक्षरं टाकण्याआधी. अक्षरांना शार्पन लागत नाही.

एक शब्द

सहा शब्दांपैकी पाच गेले. ‘लक्षणे आणि उपाय’ हे व्हिडिओच्या शीर्षकात आहेच, आणि शीर्षक थंबनेलच्या शेजारी फोनच्या स्वतःच्या अक्षरात येतं, जे कधीच धूसर होत नाही. थंबनेलवर उरला एकच शब्द: ‘तेल्या?’

शिरोरेघेपासून तळापर्यंत उंची १५० पिक्सेल. दाजींच्या फोनवर साडेतीन मिलिमीटर. फॉन्ट मुक्ता, पण सर्वांत जाड वजन सोडून त्याच्या दोन पायऱ्या अलीकडचं घेतलं. मात्रा आणि शिरोरेघ यांतली फट मोजून पाहिली: १३ पिक्सेल. ३२० वर तीन पिक्सेलांहून थोडी जास्त, आणि १२० च्या प्रतीतही एक पिक्सेलच्या वर. मी आता हेच एक माप आधी बघतो. फॉन्टचा आकार नाही, अक्षराची उंचीही नाही, शब्दातली सगळ्यात अरुंद फट. ती १२ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर शब्द मोठा करतो नाहीतर फॉन्ट बदलतो. हा १२ चा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, पण त्यामागचं गणित सरळ आहे: १२८० वरून १२० म्हणजे जवळजवळ अकरा पट.

रंग पिवळा (२५५, २२१, ०). त्याचा उजेड २०६, घोंगडीचा २५. फरक १८० च्या वर. आऊटलाईन नाही, सावली नाही, कशाची गरजच उरली नाही. जागा डावीकडे वर. खालचा उजवा कोपरा मुद्दाम मोकळा सोडला, कारण व्हिडिओची वेळ तिथेच चिकटते. जुन्या थंबनेलमध्ये ‘उपाय’ हा शब्द नेमका त्या काळ्या चौकटीखाली गेला होता. तळाची कडही रिकामी ठेवली. अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओवर लाल पट्टी तिथून जाते.

खऱ्या मापात बघणं

लहान प्रत बनवून लॅपटॉपवर बघण्यात फसगत होते. आपण नकळत झूम करतो, शिवाय शब्द आपणच लिहिलेला असतो, म्हणून डोळा तो पूर्ण करून घेतो. चढवण्याआधी मी सर्व्हरसारखी कडक प्रत बनवली:

```
magick thumb.png -resize 320x180 -sampling-factor 4:2:0 -quality 60 t320.jpg
```

मग दाजींच्या फोनचा तो यादीचा स्क्रीनशॉट घेतला, त्यातल्या एका थंबनेलवर ही प्रत नेमकी चिकटवली आणि अख्खा स्क्रीनशॉट त्यांना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. फोटो म्हणून पाठवला तर तो पुन्हा कॉम्प्रेस होतो. तो फोनवर पूर्ण स्क्रीन उघडला की थंबनेल बरोबर खऱ्या मापात, खऱ्या शेजाऱ्यांमध्ये दिसतं. दाजींनी फोन नेहमीसारखा लांब धरला आणि म्हणाले, “तेल्या. फळ तडकलंय.” शेजारच्या मळ्यातले एक काका बसले होते, त्यांना काहीच न सांगता फोन दिला. त्यांनीही आधी फळाकडेच बोट केलं, “हे आमच्यातबी आलंय.” शब्द त्यांनी नंतर वाचला.

चढवल्यावर `mqdefault.jpg` पुन्हा उघडून पाहिली. पत्ता तोच राहत असल्यामुळे काही वेळ जुनीच प्रत दिसू शकते. तेवढ्यावर घाबरून पुन्हा चढवायची गरज नाही.

व्ह्यूज किती वाढले ते लिहीत नाही. छोट्या चॅनेलवर एका आठवड्याचे आकडे पावसाने, बाजारभावाने, कशानेही हलतात. त्यातून थंबनेलचा वाटा वेगळा काढता येत नाही.

एक तोटा मान्य करायला हवा. होम पेजवर थंबनेल फोनच्या पूर्ण रुंदीचं येतं आणि टीव्हीवर तर आणखी मोठं. तिथे साडेतीन मिलिमीटरचं अक्षर आठ मिलिमीटरचं होतं आणि ‘तेल्या?’ जरा अंगावर येतो. भाच्याला ते आवडलं नाही, त्याला जुनं जास्त ‘प्रोफेशनल’ वाटतं. पण दाजींचे बहुतेक प्रेक्षक एका व्हिडिओखालून दुसऱ्याकडे येतात, म्हणजे त्या तीन सेंटिमीटरच्या यादीतून. त्यांच्यासाठीच हे माप धरलं.

आता छाटणीचा व्हिडिओ येतोय. ‘छाटणी’त ‘छ’ला गाठ आहे आणि ‘णी’वर वेलांटी. फट मोजली, नऊ पिक्सेल निघाली. शब्द एका ओळीत यापेक्षा मोठा मावत नाही, म्हणून कात्रीत धरलेली फांदी डावीकडे सरकवून बघतोय.